ऑडिशन छान, मॉकही झाला, मग अडलं कुठे? मालिकेतली एक भूमिका कशी ठरते

प्रश्न: मी ठाण्यात राहते, वय 31. राज्य नाट्य स्पर्धा आणि एकांकिका धरून आठ-नऊ वर्षं काम केलंय. वर्षभर मालिकांसाठी ऑडिशन देतेय. दोनदा ‘छान झालं’ म्हणाले, एकदा तर लूक टेस्ट आणि मॉकपर्यंत गेले, पुढे काही कळलंच नाही. कास्टिंग डिरेक्टर नक्की काय बघून निवडतात? आणि एकदा ऑडिशन घेतल्यावर परत स्क्रीन टेस्ट कशाला?

उत्तर:

मालिकेत शेवटची निवड कास्टिंग डिरेक्टरच्या हातात नसते, हे आधी लक्षात घ्या. शे-दोनशे चेहऱ्यांतून तीन-चार नावं पुढे ठेवायची, हे त्याचं काम. त्यातून एक नाव प्रॉडक्शन हाऊसचे क्रिएटिव्ह, मालिकेचा दिग्दर्शक आणि चॅनेलची माणसं मिळून ठरवतात. भूमिका मोठी असेल तर चॅनेलचा शब्द शेवटचा. म्हणून ‘छान झालं’ कोण म्हणालं, यावर त्याची किंमत ठरते. कॅमेऱ्यामागच्या असिस्टंटनं म्हटलं, तर टेक नीट रेकॉर्ड झाला, संवाद अडखळले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर तुमची टेप ज्यांच्यासमोर लागते, ती माणसं त्या खोलीत नव्हतीच.

बाकीचं एका भूमिकेवरून सांगते. उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे अंदाज यावा म्हणून धरलेत, पण क्रम आणि कारणं रोजच्या कामातलीच आहेत.

समजा नवी मालिका येतेय. घोडबंदर रोडला सेट लागलाय, गोष्ट सातारा भागातल्या एका मोठ्या शेतकरी घराची. नायिका ठरली आहे, तिची उंची 5 फूट 2 इंच. आता तिची थोरली जाऊ हवी आहे. कास्टिंगकडे जो ब्रीफ येतो तो असा असतो: “थोरली जाऊ. वय 32 ते 36. कारभार हिच्या हातात, मालकी सासूची. आवाज न चढवता धाक. बोली सातारकडची, पण फार गावरान नको. महिन्याला 15 दिवस, 12 तासांची शिफ्ट.” चार-पाच ओळीच, पण चाळणी यांच्यावरच लागते. यातलं ‘वय’ म्हणजे पडद्यावर दिसणारं वय. जन्मतारखेशी त्याचा संबंध नाही. आणि ‘15 दिवस’ हा आकडा अभिनयाइतकाच वजनदार आहे, त्याकडे पुढे येतेच.

या ब्रीफवर असिस्टंट आपल्याकडचे जुने प्रोफाइल, कोऑर्डिनेटरकडून आलेली नावं आणि ग्रुपवरचे मेसेज मिळून दीडशे-दोनशे चेहरे बघतो. इथे निर्णय फोटोवर होतो आणि काही सेकंदांत होतो. दोन-तीन फोटो पुरतात: मेकअप नसलेला चेहरा, कमरेपर्यंतचा एक आणि पूर्ण उंचीचा एक. थोरल्या जावेसाठी साडीतला फोटो असेल तर तोच आधी उघडला जातो. तीन वर्षांपूर्वीचा फोटो पाठवू नका. त्यावरून बोलावणं येतं, पण दारातच माणूस वेगळा दिसला की ऑडिशन उपचारापुरती होते. दोनशेतून साठेक जणींना सीन जातो आणि ‘सेल्फ टेप पाठवा’ असा निरोप.

सेल्फ टेपमध्ये चांगल्या अभिनेत्री ज्या कारणांनी मागे पडतात ती बहुतेक तांत्रिक असतात, त्यामुळे त्यावर जरा थांबते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. हातात किंवा टेबलावर टेकवलेला नको, कारण खालून वर बघणारा कॅमेरा हनुवटी आणि नाकपुड्या मोठ्या करतो. फोनची नेहमीची लेन्स बरीच वाइड असते. फोन दोन फुटांवर ठेवून क्लोज घेतला तर नाक पुढे येतं आणि गाल मागे जातात, म्हणजे चेहरा खरा आहे तसा दिसतच नाही. फोन पाच-सहा फूट लांब ठेवा, 2x करा आणि छातीपासून वर फ्रेम धरा. भिंतीला चिकटून उभं राहू नका, दोन-तीन फूट पुढे या, म्हणजे मागे सावली पडणार नाही. खिडकीचा उजेड तोंडावर यायला हवा, पाठीवर नको. पंखा बंद. क्यू देणारी व्यक्ती फोनच्या अगदी बाजूला उभी करा आणि तिला हळू बोलायला सांगा. ती माइकजवळ असते, त्यामुळे तिचाच आवाज तुमच्यापेक्षा मोठा येतो.

इंट्रो वेगळा घ्या: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, आधीचं काम, डेट्सची अडचण असेल तर ती, मग दोन्ही बाजूंचे प्रोफाइल आणि एक पूर्ण उंचीचा शॉट. इंट्रोला लेन्समध्ये बघायचं, सीनला लेन्सच्या दोन-तीन इंच बाजूला. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि डोळ्यांतलं बारीक काम पुसलं जातं. `Document` म्हणून पाठवा. ड्राइव्हची लिंक असेल तर `Anyone with the link` करा. परवानगी मागणारी लिंक रात्री अकरा वाजता साठ टेप बघणाऱ्या माणसासमोर आली की तो पुढची उघडतो, आणि तुमची राहून जाते ती राहूनच जाते. फाइलला नाव त्यांनी सांगितलं असेल तसंच द्या. सांगितलं नसेल तर `Nav_ThorliJau_33_5ft4.mp4` असं काहीतरी, म्हणजे शोधताना सापडेल.

साठांतल्या पंचेचाळीस येतात. त्या बघताना आधी इंट्रो ऐकला जातो, कारण माणूस आपल्या आवाजात, आपल्या बोलीत तिथेच बोलतो. मग सीन. आणि सीनमध्ये आधी नजर जाते ती तुम्ही गप्प असताना काय करताय यावर. मालिका दोन-तीन कॅमेऱ्यांवर एकाच वेळी शूट होते आणि एडिटिंगमध्ये एकीच्या वाक्यावर दुसरीचा चेहरा लागतो. रोज बावीस-तेवीस मिनिटांचा भाग भरायचा तर ऐकणारे चेहरे लागतातच. ज्या अभिनेत्रीचा चेहरा स्वतःच्या वाक्याची वाट बघत मोकळा पडलेला असतो, तिच्यावर कट करता येत नाही. एडिटरची ही अडचण कास्टिंगला आधीच दिसावी लागते.

तुमच्यासारख्या रंगमंचावरून आलेल्यांच्या टेपमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. पहिली आवाजाची. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, इथे माइक हातभर अंतरावर आहे. आवाज कमी करा म्हटलं की बऱ्याच जणी आवाजाबरोबर ऊर्जाही कमी करतात, आणि मग टेप झोपते. आवाज खाली आणायचा, हेतू तेवढाच ठेवायचा, याचा सराव फोनसमोरच करावा लागतो. दुसरी गोष्ट नजरेची. विचार करतेय हे दाखवताना नजर जमिनीकडे जाते. प्रेक्षागृहात ते छान वाचता येतं, क्लोजमध्ये मात्र त्या वेळी फक्त पापण्या दिसतात आणि चेहरा बंद होतो. विचार करताना नजर बाजूला न्या, समोरच्याच्या खांद्यापर्यंत उतरवा, पण जमिनीला लावू नका.

टेपांमधून बारा जणी ऑफिसला बोलावल्या जातात. आता सीन जवळून बघू. धाकट्या जावेनं डेअरीचे पैसे घरात न सांगता वळते केलेत आणि थोरलीला वहीत ते सापडलंय.

धाकटी: “ताई, सांगणारच होते तुम्हाला.”
थोरली: “कधी? डेअरीवाला दारात येऊन बसल्यावर?”
धाकटी गप्प.
थोरली: “वही दे इकडे.”

सगळं त्या शेवटच्या तीन शब्दांत आहे. बारांपैकी सात-आठ जणी ते दटावून म्हणतात. चूक म्हणता येणार नाही, पण ‘आवाज न चढवता धाक’ असं ब्रीफमध्ये लिहिलंय ते निसटतं. काही जणी ‘डेअरीवाला’लाच इतक्या चढतात की ‘वही’ला जायला जागा उरत नाही. एखादी असते जी आधी नुसता हात पुढे करते, धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत थांबते आणि मग शब्द येतात. तेव्हा वाक्य हुकूम राहत नाही, हक्क होतो.

मग पहिला टेक झाल्यावर सूचना येते: “हेच करा, पण सासू आतल्या खोलीत झोपलीय असं धरा.” ही सूचना मुद्दाम दिलेली असते. पहिला टेक वाईट होता म्हणून नाही, तुम्हाला बदल घेता येतो का ते बघायला. काही जणी तोच टेक हलक्या आवाजात करतात, वेग, थांबे, हात सगळं तसंच. म्हणजे त्या घरून बसवून आलेलं करतायत. जिला सूचना कळली ती ‘कधी?’ म्हणायच्या आधी दाराकडे बघते, आणि दोन वाक्यांमध्ये कान आतल्या खोलीकडे ठेवते. सेटवर पानं त्याच दिवशी हातात पडतात, दिग्दर्शकाला एका सूचनेपलीकडे वेळ नसतो, म्हणून ही चाचणी. सूचनेबद्दल एखादा प्रश्न विचारायला अजिबात हरकत नाही. “सासूला हे माहिती आहे का?” हा उत्तम प्रश्न आहे. “पण मी तर असा विचार केला होता की...” यानं फक्त वेळ जातो.

टेक किती घेतले यावरून घरी जाऊन हिशोब मांडू नका. एकाच टेकमध्ये सोडलं याचा अर्थ हवं ते मिळालं असाही होतो आणि चेहरा या घरात बसत नाही असाही. सूचना देऊन दुसरा टेक घेतला असेल, तर मात्र खोलीतल्या माणसाला रस होता एवढं धरायला हरकत नाही.

बारांतल्या चार टेप चॅनेलकडे जातात. प्रत्येकीची दीड-दोन मिनिटांची फाइल: इंट्रो आणि एक टेक. सोबत एका ओळीत वय, उंची, डेट्स, दर दिवसाच्या मानधनाची अपेक्षा आणि सध्या कुठे दिसतेय का ते. शेवटचा मुद्दा नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या चॅनेलवर चालू असलेल्या मालिकेत ठळक दिसणारा चेहरा चॅनेल सहसा टाळतं. तिथे अभिनयाचा प्रश्नच येत नाही.

आपल्या उदाहरणातली चौथी इथेच गळते. ऑडिशन सुरेख होती. इंट्रोत तिनं ‘डेट्सची अडचण नाही’ असं सांगितलं आणि चॅनेलनं नाव उचलल्यावर शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकाचे प्रयोग असल्याचं कळवलं. मालिकेचं शूटिंग सुट्टीच्या दिवशी थांबत नाही, आणि सासू, नायिका, थोरली एकत्र असणारे सीन तिघींच्या डेट्स जुळतील तेव्हाच लागतात. तेच तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर महिन्यात अमुक दिवस सोडून वेळापत्रक बसतं का हे विचारता आलं असतं. कित्येकदा बसतं. उशिरा कळलं की काम जातं, आणि पुढच्या वेळी नाव सुचवताना कास्टिंगवाला जरा थांबतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. फिल्मवर चित्रण व्हायचं तेव्हा स्क्रीन टेस्ट ही खर्चाची बाब होती. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या वेगानं मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे 400 फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपतं. वर धुलाई आणि प्रिंट. त्यामुळे आधी नुसतं वाचन किंवा भेट व्हायची आणि निवडक लोकांनाच कॅमेऱ्यासमोर उभं करायचे. कॅमेरा चेहऱ्याला कसा घेतो, हे कळायला तोच एक मार्ग होता. आज पहिली ऑडिशनच कॅमेऱ्यावर होते, त्यामुळे तो प्रश्न तिथेच सुटतो. स्क्रीन टेस्टकडे उरलं ते एकट्या टेपमध्ये दिसू शकत नाही ते: वेशभूषेत आणि खऱ्या लायटिंगमध्ये हा माणूस कसा दिसतो, आणि ज्यांच्याबरोबर रोज उभं राहायचंय त्यांच्या शेजारी कसा दिसतो. मालिकेत याचे दोन भाग पडतात. लूक टेस्टमध्ये साडी, दागिने, केस, मेकअप करून फोटो आणि छोटा व्हिडिओ घेतात. मॉकमध्ये ठरलेल्या नटांबरोबर पूर्ण सीन सेटवरच्या पद्धतीनं, दोन-तीन कॅमेऱ्यांवर शूट करतात. बऱ्याचदा तो एडिट करून, पार्श्वसंगीत लावून चॅनेलला दाखवतात. तयारीला दोन तास जातात, सीन तासाभरात उरकतो.

म्हणजे मॉकला पोचलेल्या तिघींना अभिनय येतो, हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. तिथे तुलना वेगळ्याच गोष्टींची असते. आपल्या तिघींचं बघा.

पहिली ऑडिशनमध्ये सर्वांत उजवी. उंची 5 फूट 8 इंच. एकटीच्या टेपमध्ये उंची जाणवतही नव्हती. मॉकमध्ये 5 फूट 2 इंचांच्या नायिकेसमोर उभी राहिली आणि दोघींच्या शॉटमध्ये नायिका सतत मान वर करून बोलायला लागली. सीनचा अर्थच बदलला: न चढवलेला धाक दांडगाई वाटायला लागला. शिवाय थोरलीच्या नवऱ्याच्या भूमिकेतला नट आधीच ठरलाय, तो 5 फूट 7 इंच. ठोकळ्यावर उभं करता येतं, पण ते एका जागी उभ्या सीनपुरतं. तीन कॅमेरे एकदम चालू असतात, त्यातला एक वाइड असतो आणि त्याला ठोकळा दिसतो. वाड्याच्या चौकात चालत बोलायचं असेल तर तोही उपाय संपला. रोजच्या कामात हे दिग्दर्शकाला परवडत नाही.

दुसरी वयानं, उंचीनं, बोलीनं नेमकी. पण अंबाडा घातला, काठपदर साडी नेसवली आणि नायिकेशेजारी उभी केली, तेव्हा दोघींची चेहरेपट्टी एकसारखी दिसायला लागली. आवाजाचा पोतही जवळचा. लूक टेस्टमध्ये केसांचे दोन प्रकार करून बघितले, चेहरा थोडा वेगळा झाला, आवाजाचं काय करणार? मालिका बघितल्या जातात त्याहून जास्त ऐकल्या जातात. कढईत फोडणी चालू आहे आणि टीव्ही बाहेर लागलाय, अशा वेळी कोण बोलतंय हे नुसत्या आवाजावरून कळायला हवं. एकाच घरातल्या दोन जावा सारख्या आवाजाच्या चालत नाहीत. मला हे कारण फार पटतं, आणि नाकारल्या गेलेल्या अभिनेत्रीला ते क्वचितच कोणी सांगतं याचं वाईटही वाटतं.

तिसरीचं नाव चॅनेलच्या यादीत खाली होतं. तिची टेप नीटनेटकी होती, लक्ष वेधून घेणारी नव्हती. मॉकला सीन ऐनवेळी थोडा बदलला, दोन वाक्यं नवी आली, पाठ करायला पंधरा मिनिटं. तिनं ती धाकटीबरोबर दोनदा म्हणून घेतली, बस. कॅमेरे चालू झाल्यावर तिनं हात पुढे केला, आणि नायिका आपसूक वही मागे लपवून अर्धं पाऊल सरली. हे लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. एडिटमध्ये तो अर्ध्या पावलाचा शॉट लागला आणि दोघींमधलं नातं पहिल्या मिनिटात कळलं. तिसरी निवडली गेली ती नायिकेचं काम तिच्यासमोर वर गेलं म्हणून. मॉकमध्ये बघणाऱ्यांची नजर अर्ध्या वेळी समोरच्या नटावर असते. तिथे एकटीनं सीन मारायला गेलात तर तुमचा क्लोज छान दिसतो, पण सीन तुटलेला दिसतो.

तुमच्या मॉकमध्ये नेमकं काय झालं हे मला बाहेरून सांगता येणार नाही. पण तिथवर पोचल्यावर काम न मिळण्याची कारणं बहुतांशी पहिली आणि दुसरीच्या जातीची असतात: उंची, शेजारी दिसणारं वय, आवाज, नवऱ्याची किंवा सासूची जोडी, डेट्स, मानधन. स्वतःच्या तयारीत काही बदल करायचाच असेल तर तो ऑडिशनच्या टप्प्यावरच्या टेप बघून करा. मॉक हुकला म्हणून अभिनयाची पद्धत उलटीपालटी करू नका.

पुढे काही कळलं नाही, याला एक व्यवहारी कारण आहे. निवडलेल्या व्यक्तीशी करार होतो, पण शूटिंग सुरू होऊन काही भाग हातात येईपर्यंत दुसऱ्या पसंतीचं नाव सोडत नाहीत. कोणी आजारी पडतं, कोणी मानधनावरून अडतं, कधी पहिले सीन बघून चॅनेलचंच मत फिरतं. दुसरीला ‘नाही’ कळवलं तर ती डेट्स दुसरीकडे देईल, म्हणून तिला काहीच कळवत नाहीत. ही पद्धत चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण ती आहे. म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा: ‘होल्ड’ आणि ‘लॉक’. होल्ड म्हणजे तुमच्या तारखा तोंडी अडवल्यात, त्याचे पैसे नाहीत. लॉक म्हणजे मानधन, महिन्याचे दिवस, शिफ्टचे तास आणि पैसे कधी मिळणार हे ठरलंय आणि लेखी आलंय. मालिकांमध्ये काम केल्यापासून 90 दिवसांनी पैसे मिळण्याची प्रथा आहे, ते गृहीत धरून घरचं गणित मांडा. मॉकचा मोबदला बहुतेकदा नसतो. गाडीखर्च मात्र मोकळेपणानं मागा, त्यात कमीपणा नाही.

पैशांच्या बाबतीत आणखी एकच. ऑडिशनसाठी, ‘रजिस्ट्रेशन’साठी, कार्डसाठी किंवा अमुक फोटोग्राफरकडूनच पोर्टफोलिओ काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. कोऑर्डिनेटरचं कमिशन असतं, पण ते काम मिळाल्यावर, मिळालेल्या पैशांतून. ऑडिशनचा पत्ता हॉटेलच्या खोलीचा असेल तर जाऊ नका. मालिकेचं आणि प्रॉडक्शन हाऊसचं नाव विचारा आणि त्यांच्या ऑफिसला फोन करून खात्री करून घ्या. नाव सांगायला जे कां-कू करतात, त्यांच्याकडे बहुधा भूमिकाच नसते.

मॉकनंतर आठवडाभर काही आलं नाही, तर ‘काही झालं का सर?’ असा मेसेज करू नका. त्याला उत्तर द्यायला त्या माणसाकडे काही नसतं, म्हणून तो देत नाही. असं लिहा: “थोरली जाऊ, मॉक 12 तारखेला झाला होता. 20 पासून दुसरीकडे डेट्स मागतायत. होल्ड ठेवू की देऊन टाकू? उद्या संध्याकाळपर्यंत सांगाल का?” दुसरीकडे खरंच विचारणा असेल तेव्हाच हे लिहा. हा मेसेज असिस्टंटला स्वतःजवळ ठेवता येत नाही. त्याला तो वर दाखवावा लागतो, कारण तुम्ही दुसरी पसंती असाल आणि तारखा हातच्या गेल्या, तर जबाब त्यालाच द्यायचाय. संध्याकाळपर्यंत फोन आला तर तुम्ही अजून यादीत आहात. नाही आला, तर तारखा मोकळ्या मनानं देऊन टाका.